आधी आईबाबांचे गुडघे मोजा, मग सुताराला फोन करा

पत्र: ताई, माझे आईबाबा डोंबिवलीला जुन्या बिल्डिंगमध्ये वन बीएचकेत दोघंच राहतात. बाबा ७८, उंची पाच फूट आठ, आई ७३, चार फूट दहा. मी बंगळुरूला. गेल्या महिन्यात बाबा रात्री बाथरूमला जायला उठले आणि बेडच्या कडेवरून सटकून खाली बसले. लागलं काही नाही पण तेव्हापासून माझी झोप उडालीय. बेड स्टोरेजवाला आहे, बॉक्स १६ इंच, वर ८ इंची मऊ गादी मीच घेऊन दिली. सोफा पण नवीन, खोल आणि मऊ. खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. दादा म्हणतो सगळ्या टाइल्स काढून अँटी-स्किड टाकू, मला वाटतं हॉस्पिटलसारखा बेड घ्यावा, आई म्हणते आम्हाला काय झालंय, काही नको. दिवाळीला दहा दिवस जातेय. आधी काय करू? पैसे आहेत पण उगाच उधळायचे नाहीत.

---

दादाला सांगा टाइल्स राहू दे, आणि तुम्हीही हॉस्पिटल बेडची ऑर्डर देऊ नका. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, लोकांच्या घरी जाऊन हेच बघत असते, आणि दहातल्या नऊ घरांत पहिला खर्च चुकीच्या जागी झालेला असतो. तुमच्या केसमध्ये बेडपासून कमोडपर्यंतचा जो रस्ता आहे ना, रात्रीचा, तेवढाच आधी नीट करायचा. बाकी घर नंतर.

दिवाळीत पोचलात की फराळाला हात लावायच्या आधी एक काम करा. मेजरिंग टेप घ्या, बाबांना घरातली नेहमीची चप्पल घालून एखाद्या कडक खुर्चीवर बसवा, पाय पूर्ण जमिनीला टेकलेले, गुडघा काटकोनात, आणि गुडघ्याच्या मागे जी घडी पडते तिथून जमिनीपर्यंत किती इंच होतात ते मोजा. मग आईचं मोजा. चप्पल घालून यासाठी, की ते घरात चप्पल घालून वावरत असतील तर तेच खरं माप, आणि अनवाणी फिरत असतील तर अनवाणी मोजा. तुम्ही उंची दिलीय त्यावरून अंदाज बांधायचा तर बाबांचं साधारण १७ इंच येईल आणि आईचं साडेचौदाच्या आसपास. माणूस बसतो ती जागा, म्हणजे गादी किंवा कुशन दबल्यावर जी उंची उरते ती, या मापापेक्षा एक ते दोन इंच जास्त असली की उठायला सोपं जातं. गुडघे दुखत असतील तर दोनाच्या बाजूला जा. कमी असली की मांड्यांवर सगळा जोर येतो आणि माणूस झोके घेत उठतो, आणि फार जास्त असली की पाय नीट टेकत नाहीत.

आता तुमच्या बेडचा हिशोब बघा. बॉक्स १६, गादी ८, झाले २४. मऊ गादी कडेला बसल्यावर दोनेक इंच दबते, उरले २२. बाबांना हवेत १८-१९. म्हणजे ते कडेला बसतात तेव्हा त्यांच्या टाचा उचललेल्या असणार, नुसते चवडे टेकलेले, आणि त्यात मऊ गादीची कड बाहेरच्या बाजूला उतरते, एखाद्या घसरगुंडीसारखी. अर्ध्या झोपेतला माणूस, पाय टेकायला म्हणून पुढे सरकणार, कड खाली जाणार, खाली चकचकीत टाइल. सटकले ते असे, असा माझा अंदाज आहे, आणि तो खरा आहे का ते बघायला बाबांना दिवसाढवळ्या बेडवर बसवा आणि तुम्ही खाली बसून त्यांच्या टाचांकडे बघा. टाचेखाली कागद सरकवून बघा, सरकला तर उंची जास्त आहे, विषय संपला.

अजून एक गोष्ट जी दुकानात कुणी सांगत नाही. खुर्चीवरून उठताना आपण काय करतो, स्वतः करून बघा, पाय आधी मागे घेतो, गुडघ्याच्याही मागे, मग पुढे वाकतो आणि उठतो. पाय पुढे ठेवून उठून बघा बरं, जमतच नाही. स्टोरेजवाल्या बेडला खालपर्यंत प्लायची भिंत असते, पाय मागे घ्यायला जागाच नाही. टाच प्लायला आपटते आणि तिथेच थांबते. तरुण माणूस हाताने जोर लावून ढकलून देतो स्वतःला, ७८ वर्षांच्या माणसाला मऊ गादीत हात रुततो, जोर मिळत नाही. बॉक्स बेड हा माझा घरातला सगळ्यात नावडता प्रकार आहे, पण मुंबई-ठाण्याकडच्या घरात स्टोरेज लागतंच, हेही कळतं, त्यामुळे काढून टाका असं म्हणत नाही.

करायचं काय तर दोन गोष्टी. पहिली, ती आठ इंची गादी पाहुण्यांसाठी ठेवा किंवा तुमच्या दादाला द्या, आणि चार इंची कडक गादी घ्या, काथ्याची किंवा हाय डेन्सिटी फोमची, जिची कड बसल्यावर अर्ध्या इंचापेक्षा जास्त दबत नाही. दुकानात गादीच्या मध्यावर हात दाबून बघू नका, कडेला बसून बघा. एवढ्याने २२ चे साडेएकोणीस झाले. दुसरी, सुताराला बोलवून बॉक्स खालून दोन इंच कमी करून घ्या आणि त्याच वेळी खालची तीन-चार इंचाची पट्टी आत घ्यायला सांगा. किचन ट्रॉलीच्या खाली पायाचा पंजा जाईल अशी खाच असते ना, सुताराला तेच दाखवा, लगेच कळेल. स्टोरेज थोडं कमी होईल, त्यात काय ठेवलंय ते आईला विचारा, निम्मे तर १९९० सालातले स्टीलचे डबे निघतील. आता उंची झाली साडेसतरा ते अठरा. बाबांना हवी त्यापेक्षा किंचित कमी, पण चालून जाते. आईला जरा उंच आहे, तिला आदर्श १६ हवेत, पण ती अगदी कडेला बसली की तिचेही दोन्ही तळवे टेकतील. एका बेडवर दोन मापांची माणसं म्हटल्यावर एवढी तडजोड आलीच. नाहीच टेकले तर आईसाठी बेडला आत सरकवायचा स्टीलचा बेड हँडल मिळतो, गादीखाली जातो आणि बाजूला धरायला दांडा येतो, तो लावा. पण बेडशेजारी पायरी म्हणून छोटं स्टूल अजिबात ठेवू नका. रात्री अंधारात त्यावरून उतरायचं लक्षात राहत नाही, नाहीतर पाय त्याच्या कडेवर पडतो. मी बघितलेल्या घरांत पायरीचं स्टूल मदत कमी आणि अडथळा जास्त असतं.

हॉस्पिटल बेडबद्दल, आपल्याकडे भाड्याने किंवा स्वस्तात मिळतात त्यातल्या बऱ्याच बेडना नुसती पाठ वर होते, पायाकडचा भाग वर होतो, पण बेडची उंची बदलत नाही. म्हणजे तुमचा मूळ प्रॉब्लेम तसाच. उंची बदलणारे बेड असतात पण महाग, आणि हिंडत्या-फिरत्या माणसाला कशाला, उगाच घरात दवाखाना आला असं वाटून बाबा खचतील.

सोफ्याचं थोडक्यात सांगते. खोल सोफ्यात बसलं की पाठ टेकवायची तर पाय हवेत जातात, आणि पाय टेकवायचे तर पाठ हवेत. कुशन काढून खाली अर्धा इंच प्लाय टाका, मग तेवढं रुतत नाही, आणि पाठीमागे एक कडक उशी द्या म्हणजे खोली १७-१८ इंचावर येईल, आईला १६. वर दुसरं कुशन टाकून उंची वाढवू नका, कारण मग हात ठेवायची जागा खाली जाते आणि उठताना जोर लावायला काही उरत नाही. खरं सांगायचं तर बाबांसाठी एक लाकडी हातवाली खुर्ची टीव्हीसमोर ठेवा आणि सोफा पाहुण्यांना राहू दे, ते स्वतःहून खुर्चीतच बसायला लागतील. प्लॅस्टिकची मोल्डेड खुर्ची मात्र नको, चकचकीत टाइलवर जोर देऊन उठताना तिचे पाय फाकतात किंवा मागे सरकतात.

आता लाइट. साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश असतो, बाहुली लहान होते, भिंग पिवळट पडतं. म्हणून बहुतेक मुलं काय करतात, येतात आणि सगळीकडे २० वॅटच्या पांढऱ्याशुभ्र एलईडी ट्यूब लावून जातात. दिवसा, स्वयंपाकघरात, पेपर वाचायला ठीक आहे. पण रात्रीच्या रस्त्यावर तो घोळ करतो. एक तर चकचकीत टाइलवर ट्यूबचं प्रतिबिंब पडतं आणि ते ओलं आहे की कोरडं ते कळत नाही, मोतीबिंदू सुरू झाला असेल तर त्या चमकेने डोळे दिपतात. दुसरं म्हणजे अंधाराला सरावलेला म्हातारा डोळा एकदम पांढऱ्या उजेडात गेला आणि परत अंधारात आला की पुन्हा सरावायला त्याला आपल्यापेक्षा खूप जास्त वेळ लागतो. बाथरूमला जाताना पडणारी माणसं आहेत तशी येताना पडणारीही आहेत, आणि त्याचं हे एक कारण.

त्यामुळे रात्रीचा उजेड खालून हवा, मंद हवा आणि पिवळा हवा. सेन्सरवाले छोटे एलईडी दिवे मिळतात, काहीशे रुपयांत, रंग घेताना वॉर्म व्हाइट, पॅकवर २७०० किंवा ३००० के असं लिहिलेलं असतं तो घ्या. एक बेडखाली, बाबा ज्या बाजूने उतरतात तिथे, असा लावा की पाय खाली सोडले की पेटेल. दुसरा पॅसेजमध्ये, जमिनीपासून फूटभर उंचीवर, तोंड खाली. बाबा झोपलेले असताना तुम्ही त्यांच्या जागी आडव्या पडून बघू शकणार नाही, पण दुपारी पडदे ओढून जरूर बघा, दिवा सरळ डोळ्यात जातोय का, आणि कूस बदलली तरी पेटतोय का. कुशीगणिक पेटायला लागला की दोन दिवसांत आई त्यावर रुमाल टाकणार, नक्की. तसं असेल तर सेन्सरच्या वरच्या अर्ध्या भागावर काळी चिकटपट्टी लावा, मग तो फक्त खालचं बघतो.

टॉयलेटच्या आत मात्र सेन्सरचा दिवा नको, साधा स्विचवालाच हवा. हे सेन्सर हालचाल ओळखतात, आणि कमोडवर माणूस स्थिर बसलेला असतो, मग दिवा विझतो आणि ते बिचारे अंधारात हात हलवत बसतात किंवा चिडून तसेच उठतात. उठायच्या क्षणाला अंधार, याहून वाईट वेळ नाही. आत ७-९ वॅटचा पिवळा बल्ब पुरे. स्विच बाहेर असेल तर त्याला लाल ठिपक्याचा इंडिकेटर असलेला स्विच लावून घ्या, इलेक्ट्रिशियनचं पाच मिनिटांचं काम. आणि बेडवरून हात पोचेल असा खोलीच्या दिव्याचा दुसरा स्विच, जिन्यात असतो तसा टू-वे, तो पण त्याच फेरीत करून घ्या. लाइट जाते तिकडे, म्हणून एक बॅटरीवाला इनव्हर्टर बल्ब पॅसेजमध्ये असू द्या.

बाबांचा चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर अजून एक गंमत असते, खालच्या भागातून जवळचं दिसतं, म्हणजे चालताना खाली बघितलं की पाऊल आणि पायरी नेमकी धूसर. म्हणून जिथे लेव्हल बदलते तिथे रंग बदला. पांढरी टाइल, पांढरा कमोड, पांढरी भिंत अशी आपली बाथरूम असतात, त्यात कमोडचं सीट गडद निळं किंवा तपकिरी लावलं तरी बसताना अंदाज चुकत नाही.

टाइल्सवर येऊ. दादाचा विचार चुकीचा नाही, पण कोरडी व्हिट्रिफाइड टाइल तुम्हाला वाटते तेवढी निसरडी नसते. ती निसरडी होते पाण्याने, टाल्कम पावडरने, रांगोळीने, तेलाने आणि फरशी पुसायच्या लिक्विडचा जो पातळ थर राहतो त्याने. दिवाळीत तर हे सगळंच घरात असतं, अभ्यंगाचं तेल लावून बाबांना हॉल ओलांडायला लावू नका, तेल लावायचं ते बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून. आणि सगळं घर अँटी-स्किड केलं तर उलट एक त्रास होतो. पाय घासत चालणाऱ्या माणसाची चप्पल खरखरीत फरशीला अडकते आणि तो पुढे तोंडावर जातो. बाबा पाय उचलून चालतात की घासत, ते बघा, आवाजावरून कळतं. शिवाय जुन्या टाइलवर नवीन टाइल टाकतात हल्ली, फोडाफोड नको म्हणून, त्याने फरशी अर्धा-पाऊण इंच वर येते आणि प्रत्येक दारात नवीन ठेच तयार होते.

हॉलसाठी एवढंच करा की कामवाल्या मावशींना पोछा घट्ट पिळून घ्यायला सांगा, बादलीतलं लिक्विड निम्मं करायला सांगा, आणि पोछा होत असताना बाबा खुर्चीत बसलेले आणि पंखा फुल. फरशी वाळेपर्यंत उठायचं नाही. हे फुकट आहे आणि टाइल बदलण्यापेक्षा जास्त उपयोगी आहे. जुन्या साडीची, चादरीची पायपुसणी आईने केली असतील, ती प्रेमाने गोळा करा. खाली रबर असलेली दोन घ्या, एक बाथरूमबाहेर, एक किचनच्या सिंकपाशी, बाकी कुठेही काही अंथरायचं नाही. रबर वर्षभरात कडक होऊन सुटतं, पायाने ढकलून सरकलं की बदला.

पैसे घालायचे ते बाथरूमच्या फरशीत. तिथे तोडायचीही गरज नसते. टाइलवर लावायचं अँटी-स्किड केमिकल येतं, ते वरच्या थराला बारीक खड्डे पाडतं, डोळ्याला दिसत नाहीत पण ओल्या पायाला पकड मिळते. हे आम्लाचं काम आहे, त्यामुळे दोन गोष्टी सांभाळा. आधी कमोडमागच्या कोपऱ्यात एका टाइलवर करून बघायला सांगा, काही टाइल्सची चमक जाते. आणि तुमच्या बिल्डिंगच्या वयाच्या बाथरूमला दारात बहुतेक कडाप्पाची किंवा मार्बलची पट्टी असते, दोन्ही चुन्याचे दगड, आम्ल लागलं की खातं. ती पट्टी आधी टेपने झाकून घ्यायला सांगा, कारागीर विसरतात. काम झालं की फरशी ओली करा, दोन थेंब साबण टाका, भिंतीला धरून एका पायावर वजन ठेवून दुसऱ्या पायाची टाच घासून बघा. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा. फरक पायाला कळला पाहिजे, नुसतं बिलावर कळून उपयोग नाही. पुढे साबणाचा चिकटा त्या बारीक खड्ड्यांत भरतो आणि पकड जाते, म्हणून आठवड्यातून एकदा ब्रशने घासणं आलं, आणि काही वर्षांनी पुन्हा करून घ्यावं लागतं. जाळीच्या प्लॅस्टिक मॅटचा मोह टाळा, खाली शेवाळ धरतं आणि मॅटसकट माणूस घसरतो.

बाथरूम एक-दीड इंच खाली असेल तर ते तसंच राहू द्या, समपातळी केलं की पाणी बाहेर येणार आणि पॅसेज ओला, म्हणजे नवा धोका. त्या कडेवर पिवळी किंवा लाल खरखरीत टेप लावा आणि चौकटीला आतल्या बाजूने एक उभा दांडा लावा, आत पाऊल टाकताना धरायला. स्लोप करून घेऊ असं प्लंबर म्हणेल, नको म्हणा, दीड इंचाला नीट स्लोप करायचा तर दीड फूट लांब लागतो आणि तेवढी जागा असते कुठे, आखूड आणि ओला उतार पायरीपेक्षा वाईट.

कमोड साधारण साडेपंधरा इंचाचा असतो. बाबांच्या १७ ला तो कमी, आईच्या साडेचौदाला ठीक. वरून चढवायचं दोन इंची सीट घेतलं तर बाबा खूश आणि आईचे पाय अधांतरी, पोटावर जोर येत नाही, मग तक्रार वेगळीच. म्हणून इथे उंची बदलू नका, धरायला द्या. बाजूच्या भिंतीवर सीटपासून नऊ-दहा इंच वर एक आडवा ग्रॅब बार, आणि सीटच्या थोडं पुढे एक उभा. आडव्यावर जोर द्यायचा, उभा ओढायला. दांडा सव्वा ते दीड इंच जाडीचा, स्टीलचा, वर खाचा असलेला, गुळगुळीत घेतला तर ओल्या हातातून निसटतो. व्हॅक्यूमने चिकटणारे नकोतच, आणि टॉवेल रॉड म्हणजे ग्रॅब बार नव्हे, तो माणसाच्या वजनाला बनवलेलाच नसतो.

बसवताना तिथे उभ्या राहा. आधी नाण्याने टाइलवर टकटक करा, भद्द पोकळ आवाज आला तर त्या टाइलमागे सिमेंट भरलेलं नाही, तिथे ड्रिल केलं तर टाइल तडकेल आणि स्क्रू हवेत राहील, चार इंच इकडे-तिकडे सरका. पाइप कुठून गेलाय ते नळाच्या रेषेवरून बघा. प्लॅस्टिकचे गट्टू नको, धातूचे अँकर फास्टनर लावायला सांगा आणि ते टाइलमध्ये नाही, मागच्या विटेत गेले पाहिजेत. तुमची जुनी विटेची भिंत आहे तर बरं आहे, नवीन टॉवरमधल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतींना केमिकल अँकर लागतो. बसवल्यावर एक दिवस थांबा आणि मग स्वतःचं सगळं वजन टाकून ओढा. जरासा हलला तरी पुन्हा काढून लावायला लावा, लाजू नका.

आंघोळ बसून करायची, रबरी बूट असलेल्या बाथ स्टूलवर, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर नाही. इथे एक बारीक भानगड होते. स्टूल १७ इंचावर आणि बादली जमिनीवर, मग दर तांब्याला बाबांना खाली वाकावं लागतं, आणि वाकून वर आलं की चक्कर. बादलीखाली आठ इंचाचा चौरंग ठेवा, प्लॅस्टिकचा, पण आधी मोजा की चौरंगावरची बादली नळाखाली जाते का, नाहीतर नळाला हँड शॉवर जोडून घ्या. दोघांचं स्टूल एकच असेल तर पायाची उंची कमीजास्त होणारं घ्या.

एक गोष्ट सुताराच्या हातातली नाही. बाबा बीपीच्या गोळ्या घेतात का, प्रोस्टेटची गोळी रात्री घेतात का, झोपेची? यांच्यामुळे आडवं पडलेलं माणूस उभं राहिलं की बीपी एकदम उतरू शकतं. घरी मशीन असेल तर आडवे असताना एकदा मोजा, मग उभे राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर त्यांच्या डॉक्टरांना ते आकडे लिहूनच दाखवा. उभं राहताच डोळ्यापुढे अंधारी आली तर लगेच खाली बसवा, आकडे राहू देत. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. आणि काहीही निघो न निघो, उठल्यावर मिनिटभर कडेला बसून पाय हलवायचे आणि मग उभं राहायचं, ही सवय तुम्ही तिथे असतानाच लावून द्या. पाय पूर्ण टेकणारा बेड यासाठीही लागतो, अधांतरी पाय सोडून कोण मिनिटभर बसेल.

दहा दिवसांचं म्हणाल तर पहिल्या दिवशी मापं आणि बीपी, सुतार आणि प्लंबर दिवाळीच्या आधीच फोन करून बुक करा कारण लक्ष्मीपूजन ते भाऊबीज कुणी येणार नाही. बाथरूमचं काम आणि बेडचं काम एकाच दिवशी काढू नका, दोघांना रात्री झोपायला आणि जायला जागा हवी. दिवे सगळ्यात आधी, ते तासाभरात होतात. बाथरूमची कडी बाहेरून उघडता येईल अशी करून घ्या, प्लंबर आलाच आहे तर.

आईचं "काही नको" हे बहुतेक बाबांच्या नावाने होणाऱ्या खर्चाला नसतं, घर बदलणार या भीतीला असतं. तिच्याशी पडण्या-बिडण्याबद्दल बोलू नका. ती पूजेला पाटावर बसते का आणि उठताना काय धरते ते एकदा मागे उभ्या राहून बघा. बहुतेक देव्हाऱ्याची कड नाहीतर शेजारचं डुगडुगतं स्टूल. देव्हारा भिंतीवर अशा उंचीला घ्या की खुर्चीत बसून तिचा हात कोपरातून वाकून देवांपर्यंत पोचेल, हे ती लगेच ऐकते, आणि एकदा सुतार तिच्या कामासाठी आला की मग बॉक्स बेडला हरकत घेत नाही. तिच्या रोजच्या डब्यांचं पण त्याच वेळी बघा, कंबर ते खांदा यांच्यामध्ये जे येतं तेवढंच रोजचं, वरच्या फळीवरचं सगळं खाली, आणि ते चढायचं स्टूल तुमच्या दादाच्या घरी पाठवून द्या.

आणि ग्रॅब बार लागले की आई त्यावर ओला टॉवेल वाळत घालणार, परत यायच्या आधी दाराच्या मागे दोन हुक ठोकून या.